आईच्या पश्चात मुलाचा ताबा: आजोळ, वडील आणि न्यायालयाची वाट

आई वारलेली आहे, मूल आजोळी वाढते आहे आणि काही काळाने वडील त्याचा ताबा मागत आहेत, अशा घरांसाठी हा लेख लिहीत आहे. पती-पत्नीच्या भांडणात मुलाच्या ताब्याविषयी बरेच लिहिले जाते. या प्रसंगाविषयी फारसे लिहिले जात नाही, आणि तरीही कुटुंब न्यायालयात वकिली करताना मला तो पुन्हा पुन्हा दिसतो. मी कधी आजी-आजोबांच्या बाजूने उभी राहिले आहे, तर कधी वडिलांच्या. दोन्हीकडची माणसे पहिल्या भेटीत जवळजवळ एकच वाक्य बोलतात: "मूल आमचं आहे." न्यायालय मात्र मूल कोणाचे आहे हे विचारत नाही. मुलाचे भले कोठे होईल, हे ते विचारते, आणि पुढची प्रत्येक पायरी या एका प्रश्नाभोवती फिरते.

समजायला सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. मुक्ता साडेसहा वर्षांची असून साताऱ्यात पहिलीत शिकते. ती चार वर्षांची असताना तिची आई आजारपणात गेली आणि तेव्हापासून ती आजी-आजोबांकडे आहे. वडील पुण्यात खासगी नोकरी करतात. पहिल्या वर्षी ते दर महिन्याला येत, मग तीन महिन्यांनी येऊ लागले. वर्षभरापूर्वी त्यांनी दुसरे लग्न केले आणि त्यानंतर येणे जवळपास थांबले. आजी म्हणतात, तेच येईनासे झाले. वडील म्हणतात, दार उघडले जात नव्हते. आता त्यांना मुक्ता पुण्याला हवी आहे.

पालकत्व आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

अर्ज लिहिण्याआधी हा फरक नीट समजून घ्यावा, कारण निम्मे गोंधळ इथेच सुरू होतात. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा, सही करण्याचा आणि त्याची मालमत्ता सांभाळण्याचा कायदेशीर अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कोणाच्या घरी राहते, कोणाच्या हातचे जेवते आणि रात्री ताप आला तर कोण उठते ते. या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीकडे असाव्यात असा नियम नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 प्रमाणे वडील नैसर्गिक पालक आहेत आणि आईच्या पश्चात तर त्याबद्दल वादच उरत नाही. आजी-आजोबा कितीही जवळचे असले तरी नैसर्गिक पालक नाहीत. सावत्र आईही नाही. मात्र त्याच अधिनियमाचे कलम 13 सांगते की कोणाचीही पालक म्हणून नेमणूक करताना किंवा तसे जाहीर करताना मुलाचे हित हीच सर्वोच्च विचारात घेण्याची बाब असेल, आणि ज्याच्या पालकत्वाने मुलाचे हित साधणार नाही अशा व्यक्तीला या कायद्यातील तरतुदींच्या आधारे पालकत्वाचा हक्क सांगता येणार नाही. नैसर्गिक पालक असणे हा वडिलांचा भक्कम आधार आहे, पण तेवढ्यावर मूल आपोआप त्यांच्या हाती येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये याचा पुढचा धागाही स्पष्ट केला: वडील अपात्र नाहीत एवढ्याच कारणाने त्यांना ताब्याचा अबाधित हक्क मिळत नाही.

आजी-आजोबांनी येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 19 प्रमाणे वडील हयात असतील आणि न्यायालयाच्या मते अपात्र नसतील, तर दुसऱ्या कोणाची मुलाच्या देहाचा पालक म्हणून नेमणूक करता येत नाही. म्हणून "आम्हाला पालक नेमा" ही मागणी करायची तर वडील अपात्र आहेत हे सिद्ध करावे लागते, आणि ती पायरी फार उंच आहे. बहुतेक आजोळांना खरे तर पालकत्व नको असते. मूल आपल्याजवळ राहावे एवढेच हवे असते. तसे असेल तर ताबा मागावा. सोबत शाळाप्रवेश, वैद्यकीय संमती, बँक व्यवहार अशा नेमक्या कामांसाठी सहीची परवानगी मागावी आणि वडिलांच्या पालकत्वाला हात लावू नये. मुक्ताच्या आजोबांचा पहिला मसुदा माझ्यासारख्या एखाद्या वकिलाकडे आला, तर त्यातला "वडील अपात्र आहेत" हा मथळा मी प्रथम खोडेन.

अर्जाआधीचे दिवस

तुमच्या हातून सर्वांत मोठे नुकसान याच काळात होऊ शकते. वडील शाळेच्या फाटकावरून मुलाला गाडीत घालून नेतात, किंवा आजी-आजोबा नोटीस येताच मुलाला दूरच्या मामाकडे पाठवतात. दोघांनाही वाटते की मूल हातात असले की बाजी हातात. प्रत्यक्षात न्यायाधीश हे कृत्य त्या माणसाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचतात, आणि मुलाची घडी मोडली ती मोडतेच. मूल जिथे आहे तिथे राहू द्यावे आणि अर्ज करावा. पोलीस ठाण्यातून ताबा मिळवून घेण्याचा प्रयत्न करू नये. न्यायालयाचा आदेश नसेल तर पोलीस अशा प्रकरणात सहसा दोन्ही बाजूंचा जबाब लिहून घेतात आणि न्यायालयात जायला सांगतात.

या दिवसांत एक साधी वही घालावी. तीत तारखेसह लिहावे: कोण भेटायला आले, किती वेळ थांबले, मूल कसे वागले, फोन कोणी केला, उचलला की नाही, खर्च कोणी दिला. विशेषणे लिहू नयेत. "14 जूनला बाबा 4 वाजता आले, 5 वाजता गेले, मुक्ता त्यांच्यासोबत बागेत गेली" एवढे पुरे. वर्षभराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर आठवण दगा देते आणि मग ही वही कामाला येते.

वडिलांना माझे सांगणे असे: अर्ज करण्याआधी भेटीसाठी लेखी विनंती करा, व्हॉट्सअ‍ॅपवर असली तरी चालेल, आणि मुलाच्या खर्चाचे पैसे नियमित पाठवायला लागा. ताबा दुसऱ्याकडे आहे म्हणून बापाची पोसण्याची जबाबदारी संपत नाही. दोन वर्षे एक रुपया न पाठवता थेट ताबा मागणाऱ्याला पहिला प्रश्न त्याविषयीच विचारला जातो.

कोणत्या न्यायालयात जायचे

1890 च्या अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे मूल जिथे सर्वसाधारणपणे राहते तिथल्या न्यायालयाला अधिकार आहे. अर्जदार कोठे राहतो याला महत्त्व नाही. मुक्ता अडीच वर्षे साताऱ्यात राहते आहे, तिथेच शाळेत जाते, म्हणून अर्ज साताऱ्यातच. वडिलांनी सोयीसाठी पुण्यात अर्ज केला तर आजोबा पहिल्याच तारखेला हरकत घेतील, त्यावर युक्तिवाद होईल, अर्ज परत मिळेल आणि काही महिने विनाकारण जातील. ज्या शहरात कुटुंब न्यायालय आहे तिथे त्याच्यासमोर जायचे. जिथे ते नाही तिथे जिल्हा न्यायालयासमोर.

कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 प्रमाणे या न्यायालयात वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी परवानगीचा छोटा अर्ज द्यावा लागतो आणि ती बहुधा मिळते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्जदार म्हणून आजींचे नाव पुढे ठेवण्यात अर्थ असतो.

कधी कधी लोक थेट उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करावे अशी मागणी करणारी याचिका करतात. ती चालते, आणि 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती चालवून घेणे योग्य ठरवले. तिथे आई कर्करोगाने गेली होती, वडीलही मध्यंतरी गंभीर आजारी होते, तान्ही मुलगी मावशीकडे होती आणि बरे झाल्यावर वडिलांना ती परत मिळाली. मावशी आणि आजोळच्या माणसांशी भेटी चालू ठेवण्यात आल्या. परंतु 2024 मध्ये मध्य प्रदेशातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा तसाच आदेश रद्द केला. मुलगी अकरा महिन्यांची असताना आई गेली होती, निकालाच्या वेळी ती अडीच वर्षांची झाली होती आणि तो सगळा काळ आईच्या माहेरच्या माणसांकडे होती. मूल म्हणजे जंगम वस्तू नव्हे, तिची घडी मोडली तर तिच्यावर काय परिणाम होईल हे पाहिल्याशिवाय यांत्रिकपणे ताबा बदलता येत नाही, आणि हे तपासण्याची जागा पालक व पाल्य अधिनियमाखालची सविस्तर सुनावणी आहे, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात वडिलांची ताटातूट आजारपणाने आणि अल्पकाळ झाली होती. दुसऱ्यात मुलीचे जवळजवळ सारे आयुष्य दुसऱ्या घरात गेले होते.

अर्ज आणि कागद

वडील अर्ज करतात तो बहुधा 1890 च्या अधिनियमाच्या कलम 25 खाली, म्हणजे मुलाचा ताबा परत मिळावा म्हणून. आजी-आजोबा त्याला लेखी म्हणणे, कोर्टाच्या बोलीत 'से', देऊ शकतात किंवा कलम 7 आणि 10 खाली स्वतंत्र अर्ज करू शकतात. स्वतंत्र अर्जात मुलाचे नाव, धर्म, जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण, सध्या ते कोणाकडे आहे, जवळचे नातेवाईक कोण व कोठे राहतात, मुलाची मालमत्ता आणि तिची अंदाजे किंमत, आधी असा अर्ज झाला आहे का, आणि अर्ज करण्याचे कारण हे सारे लिहावे लागते. प्रस्तावित पालकाने आपण तयार असल्याचे स्वाक्षरीचे निवेदन जोडायचे असते आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हे निवेदन विसरल्यामुळे कार्यालयीन हरकत लागून अर्ज पडून राहतो, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

कागदांत जन्मदाखला, आईचा मृत्युदाखला, शाळेचा बोनाफाइड, प्रगतीपुस्तके, फीच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांचे कागद आणि घराचा पुरावा एवढे पुरेसे असतात. प्रगतीपुस्तकावर कोणाच्या सह्या आहेत आणि पालकसभेला कोण येत होते, हे न्यायाधीश बारकाईने पाहतात. मुक्ताच्या प्रगतीपुस्तकावर बालवाडीपासून आजींचीच सही आहे. डोळ्यांनी दिसणारा असा कागद दहा पानी शपथपत्राला भारी पडतो.

आईने मृत्यूपूर्वी "माझ्या मुलीला आईकडेच ठेवा" असे लिहून ठेवले असेल, तर त्याचे काय, असे विचारले जाते. त्या चिठ्ठीने वडिलांचे पालकत्व जात नाही. परंतु 1890 च्या अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे मृत पालकाची इच्छा विचारात घ्यायची असते, म्हणून मूळ कागद जपून ठेवावा आणि अर्जासोबत छायाप्रत लावावी. त्याच कलमात मुलाचे वय, धर्म, इच्छुक पालकाचा स्वभाव आणि कुवत, नात्याची जवळीक आणि मुलाशी असलेले आधीचे संबंध यांचाही उल्लेख आहे. अर्ज या मुद्द्यांच्या क्रमाने लिहिला तर वाचणाऱ्याचे काम सोपे होते.

अर्जात काय लिहू नये, यावर मला जरा थांबायचे आहे. रागाच्या भरात आजोळकडून लिहिले जाते की वडील दारू पितात, नव्या बायकोने मुलीला मारले, पैशांसाठी ताबा मागतात. वडिलांकडून लिहिले जाते की सासऱ्यांनी मुलीचे डोके भरवले, तिला नोकरासारखे राबवले. यांतले जे कागदाने किंवा साक्षीने सिद्ध होणार नाही ते लिहू नये. खोटा आरोप उलटतपासात कोसळला की त्याच्यासोबत खरा आरोपही कोसळतो. दुसरे लग्न हे एकटे ताबा नाकारण्याचे कारण होत नाही. नवी पत्नी मुलीशी कशी वागते आणि मुलगी तिला ओळखते का, हे कारण होते. मात्र हिंसा किंवा छळ खरोखर झाला असेल, तर तो पूर्ण तपशिलाने मांडावा. 2008 च्या एका निकालात मुलाच्या आईच्या मृत्यूबद्दल वडिलांवर फौजदारी खटला चालू होता, खालच्या दोन्ही न्यायालयांनी ताबा वडिलांना दिला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो खटला आणि मुलाची स्वतःची इच्छा लक्षात घेऊन मूल आजोळीच ठेवले.

अंतरिम आदेश, म्हणजे भेटी

मूळ अर्जाचा निकाल लागायला एक ते तीन वर्षे सहज लागतात. म्हणून त्याच 1890 च्या अधिनियमाच्या कलम 12 खालचा अंतरिम अर्ज मूळ अर्जाबरोबरच द्यावा आणि त्यात वडिलांनी ताब्याऐवजी भेटी मागाव्यात. मूल ज्यांना विसरले आहे त्यांच्याकडे ते एका तारखेला सोपवले जाणार नाही. आधी ओळख परत व्हावी लागते, आणि त्याची सुरुवात बहुधा न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीतून होते.

पहिली भेट अशी होते. शनिवारी सकाळी 11 ची वेळ. मुक्ता आजीचा पदर मुठीत धरून येते, गळ्यात पाण्याची बाटली. वडील आधीपासून बसलेले असतात आणि त्यांच्या शेजारी तिच्या उंचीची बाहुली असते. ती बाहुलीकडे पाहते, वडिलांकडे पाहत नाही, आणि आजीच्या मागे सरकते. या क्षणी आजी काय करतात ते समुपदेशक लिहून ठेवतात. मुलीला घट्ट धरून त्या तिथेच बसल्या तर एक गोष्ट लिहिली जाते. "मी बाहेर बाकावर आहे गं, तू खेळ" असे म्हणून त्या उठल्या तर दुसरी. वडिलांचेही तसेच. "मी तुझा बाबा, मला ओळखलं नाहीस?" असे तिला तीनदा विचारण्यापेक्षा जमिनीवर बसून शेजारचे चौकोनी ठोकळे रचायला घेतले तर ती दहा मिनिटांत जवळ येते. पहिल्या भेटीला फोन खिशात असावा आणि फोटो काढू नयेत.

आदेशात भेटीचा तपशील किती बारीक असावा, तर कोणाला फोन करून विचारावे लागणार नाही इतका. "महिन्यातून दोनदा भेट" असे लिहून घेतले तर पुढचे सहा महिने तारखेवरून भांडणात जातात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी 11 ते दुपारी 2, ठिकाण अमुक, मुलाला आजोबा आणतील, वडील स्वतः येतील, मूल आजारी असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आदल्या दिवशी कळवायचे आणि ती भेट पुढच्या शनिवारी द्यायची, बुधवारी संध्याकाळी 7 वाजता पंधरा मिनिटे व्हिडिओ कॉल: असे असावे. दोन-तीन महिन्यांनी भेटी बाहेर, मग दिवसभर, मग एक रात्र, मग दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतला काही भाग, अशी वाढ मागता येते. प्रत्येक टप्प्यावर मूल कसे सावरले, हे पुढच्या टप्प्याचे कारण बनते.

समुपदेशक आणि न्यायाधीशांची खोली

कुटुंब न्यायालय आधी समझोत्याचा प्रयत्न करते, म्हणून प्रकरण विवाह समुपदेशकांकडे जाते. समझोत्याच्या बोलण्यात तुम्ही जे सांगता ते गोपनीय राहते, तेव्हा मनमोकळे बोलावे. परंतु ताब्याच्या प्रश्नावर न्यायालय समुपदेशकांकडून घरातल्या वातावरणाचा आणि मुलाशी असलेल्या नात्याचा अहवालही मागवू शकते. त्यासाठी ते घरी येतात. मुलाच्या झोपण्याची जागा, अभ्यासाची जागा, शेजारी, शाळेचे अंतर आणि दिवसभर घरी कोण असते, हे पाहतात. पुण्याच्या घरात तीन बेडरूम आहेत आणि साताऱ्याच्या घरात दोनच खोल्या आहेत, यावर निकाल ठरत नाही. वडील सकाळी 8 ला जाऊन रात्री 8 ला येत असतील तर मधले बारा तास मुलगी कोणाजवळ असेल, या प्रश्नाला नेमके उत्तर लागते. आजोबा सत्तरीचे असतील, तर मुलगी बारा वर्षांची होईल तेव्हाचे काय, हेही विचारले जाते आणि त्याचेही नेमके उत्तर लागते.

पुढे न्यायाधीश मुलाशी आपल्या खोलीत बोलतात. मुलाला पिंजऱ्यात उभे करून उलटतपास घेण्याऐवजी हाच रस्ता घेतला जातो. मूल समजून-उमजून मत देण्याइतके मोठे असेल तर त्याचे मत विचारात घेता येते. कायद्यात त्यासाठी वय ठरवलेले नाही; साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढे त्या मताला चांगले वजन येते, साडेसहाव्या वर्षी ते फक्त एक धागा असते. पढवलेले मूल कसे ओळखू येते? ते मोठ्यांचे शब्द वापरते. "बाबा माझी जबाबदारी घेत नाहीत" हे वाक्य साडेसहा वर्षांच्या मुलीचे नसते. "बाबांकडे गेले की आजी रडते" हे तिचे असते, आणि त्यातून न्यायाधीशांना आजीविषयी, बाबांविषयी आणि मुलीवरच्या ओझ्याविषयी एकाच वेळी कळते. म्हणून आदल्या रात्री मुलाला काहीही शिकवू नये. "तिथे एक काकू किंवा काका तुझ्याशी गप्पा मारतील, जे वाटेल ते सांग" एवढेच सांगावे.

पुरावा आणि निकाल

समझोता झाला नाही तर सरतपासाचे, म्हणजे आपली साक्ष लेखी मांडणारे शपथपत्र, उलटतपास, साक्षीदार आणि युक्तिवाद असा क्रम असतो. साक्षीदार थोडे आणि रोज पाहणारे असावेत: वर्गशिक्षिका, बालरोगतज्ज्ञ, शेजारी. दहा नातेवाइकांच्या एकसारख्या शपथपत्रांना किंमत नसते.

मुक्ताच्या प्रकरणात न्यायालय कशाकडे पाहील? आजोळच्या बाजूने अडीच वर्षांची घडी, शाळा, आजीशी असलेली जवळीक. वडिलांच्या बाजूने नैसर्गिक पालकत्व, वय, स्थिर उत्पन्न आणि आई-वडिलांपैकी तेच एकटे उरलेले असणे. त्यांच्या विरोधात वर्षभराची अनुपस्थिती. आजोळच्या विरोधात, भेटी खरोखर अडवल्या असतील तर ते. आता समजा अंतरिम आदेशानंतर वडील आठ महिन्यांत एकही भेट चुकले नाहीत, नवी पत्नी चौथ्या महिन्यापासून सोबत आली, मुक्ता पुण्यात दोन रात्री राहून हसत परतली. अशा वेळी बहुधा समझोत्याच्या अटी लिहिण्याची वेळ आलेली असते: मुक्ता साताऱ्यातच दुसरी पूर्ण करेल, दर दुसऱ्या शनिवार-रविवारी पुण्याला जाईल, जूनमध्ये पुण्यातल्या शाळेत प्रवेश घेईल, आणि त्यानंतर महिन्यातला एक शनिवार-रविवार, दिवाळीचे सहा दिवस आणि मे महिन्याचे तीन आठवडे आजोळी असेल. याच उदाहरणात वडील सोळापैकी पाचच भेटींना आले असते, तर ताबा आजोळीच राहिला असता आणि वडिलांकडे पालकत्व, भेटी व खर्चाची जबाबदारी उरली असती. आजी-आजोबांना हे कठीण जाते, पण सांगावे लागते: चांगले वडील आठ महिने नियमित येत राहिले की वेळ त्यांच्या बाजूने वळते, आणि ती रोखण्यासाठी भेटी अडवल्या तर ती अधिक लवकर वळते.

मालमत्तेचा भाग आदेशात वेगळा लिहून घ्यावा. मुक्ताच्या आईच्या कमाईच्या, मृत्युपत्राविना मागे राहिलेल्या 12 लाखांचे वारस पती आणि मुलगी हे दोघे आहेत. मुलगी आणि नवरा असताना आईच्या आईला त्यात वाटा नसतो, हे अनेक आजींना तेव्हाच कळते. मुक्ताचे सहा लाख तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावेत आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय काढू नयेत, अशी अट मागावी. मुलीच्या नावे जमीन किंवा घर असेल, तर 1956 च्या अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे वडिलांनाही न्यायालयाच्या आधीच्या परवानगीशिवाय ते विकता किंवा गहाण ठेवता येत नाही.

परदेशात राहणाऱ्या वडिलांसाठी एक सूचना. मुलांच्या अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सहभागी नाही. तिकडच्या न्यायालयाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे तो विचारात घेण्याच्या अनेक बाबींपैकी एक असतो. मुलाचा पासपोर्ट कोणाकडे राहील आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येणार नाही, हे दोन मुद्दे अशा प्रकरणात अंतरिम आदेशातच लिहून घ्यावेत.

आदेश हातात आल्यावर

आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज द्यावा, कारण कुटुंब न्यायालयाच्या अंतिम आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. अंतरिम आदेशावर असे अपील नाही. त्याला वेगळ्या मार्गाने आव्हान द्यावे लागते. प्रत मिळाली की एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यावी, म्हणजे मुलाला फाटकावरून कोण नेऊ शकते हे तिथे लिहिलेले राहते.

समोरच्याने भेट नाकारली तर दारात भांडू नये. त्या वेळी तिथे हजर असल्याची नोंद करावी, संदेश पाठवावा आणि दोन-तीन तारखा जमल्या की न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करावा. भेट मिळाली नाही म्हणून खर्चाचे पैसे थांबवू नयेत, आणि पैसे आले नाहीत म्हणून भेट थांबवू नये. दोन्हींतून नुकसान मुलाचे होते आणि आदेशभंग तुमच्या नावावर लागतो. ताब्याचा आदेश कायमचा बंद झालेला दरवाजा नसतो. परिस्थिती खरोखर बदलली, म्हणजे आजोबांची प्रकृती बिघडली, वडिलांची बदली झाली, मुलगी अकरा वर्षांची होऊन स्वतः काही सांगू लागली, तर त्याच न्यायालयात बदलासाठी अर्ज करता येतो. मात्र तो बदल तारखेसह दाखवावा लागतो. जुन्याच गोष्टी नव्या शब्दांत मांडल्या तर अर्ज पहिल्याच सुनावणीत फेटाळला जातो.